सह्या इकडे, माणूस तिकडे: पर्मनंट एस्टॅब्लिशमेंट नक्की कशाने तयार होते?

प्रश्न: आमची यंत्रं बनवणारी मध्यम आकाराची कंपनी आहे. दुसऱ्या एका देशात आमचं ऑफिस नाही, नोंदणी नाही, गोदाम नाही. फक्त एक विक्री व्यवस्थापक तिथे स्वतःच्या घरून काम करतो. सगळ्या करारांवर सह्या आमच्या मुख्य कार्यालयात होतात. आता तिथल्या कर खात्याने पत्र पाठवून पर्मनंट एस्टॅब्लिशमेंटबद्दल विचारणा केली आहे. सह्या इकडे होत असताना कर तिकडे कसा? आणि लागलाच तर किती?

उत्तर:

आधी एक काम करा. पत्राला 'आमचं तिथे काहीच नाही' असं एका ओळीचं उत्तर धाडू नका. माझ्या अनुभवात सर्वात महाग पडलेलं वाक्य तेच आहे. पुढे तुमच्याच माणसाचे ईमेल त्या वाक्याच्या विरुद्ध निघतात आणि मग अधिकारी तुमच्या खऱ्या मुद्द्यांवरही विश्वास ठेवत नाही.

आता मूळ गोष्ट. एका देशातली कंपनी दुसऱ्या देशात नुसता माल विकते एवढ्याने तिच्या धंद्याच्या नफ्यावर तिथे आयकर लागत नाही. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार असेल, तर त्याच्या सातव्या कलमात बहुधा असंच लिहिलेलं असतं: कंपनीची त्या देशात पर्मनंट एस्टॅब्लिशमेंट असेल तरच तिथे नफ्यावर कर, आणि तोही तेवढ्याच नफ्यावर जो त्या एस्टॅब्लिशमेंटच्या वाट्याचा आहे. मराठीत 'कायम आस्थापना' म्हणतात, पण कामकाजात सगळे 'पीई'च म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. पीई म्हणजे काय ते पाचव्या कलमात सांगितलेलं असतं. बहुतेक करार ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या किंवा संयुक्त राष्ट्रांच्या नमुना करारावरून बेतलेले असतात, पण दोन देशांनी वाटाघाटीत काय बदललं ते प्रत्येक करारात वेगळं असतं. म्हणून मी खाली सांगतो ते नकाशासारखं वापरा आणि शेवटचा शब्द तुमच्या कराराच्या मजकुराचा धरा.

तुमच्या प्रकरणात पीई दोन वाटांनी येऊ शकते. एक म्हणजे जागा. दुसरी म्हणजे माणूस. तुम्ही सगळं लक्ष जागेवर आणि सहीवर ठेवलं आहे. धोका मला माणसाच्या बाजूने दिसतो. तरी जागेचं आधी बघून घेऊ, कारण ते लवकर आटोपतं.

घर हे कंपनीचं ऑफिस होतं का?

जागेची पीई व्हायला तीन गोष्टी लागतात. ठरावीक जागा हवी, ती कंपनीच्या हाताशी हवी, आणि तिच्यातून कंपनीचा धंदा चालायला हवा. 'हाताशी' याचा अर्थ मालकी किंवा भाडेकरार असा नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फॉर्म्युला वनच्या प्रकरणात हे फार स्पष्ट केलं. शर्यतीचा ट्रॅक दुसऱ्याच कंपनीचा होता आणि शर्यत तीन दिवसांची होती. तरी त्या दिवसांत ट्रॅकवर कोण येणार, काय दिसणार, काय विकलं जाणार यावर ब्रिटनमधल्या कंपनीचा ताबा होता आणि तिची कमाई तिथूनच होत होती, म्हणून पीई मानली गेली. जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने हयात हॉटेल समूहातल्या दुबईच्या कंपनीबद्दल निकाल दिला. त्यात वीस वर्षांचा देखरेखीचा करार होता आणि हॉटेलच्या रोजच्या कारभारावर खोल नियंत्रण होतं. 'आमच्या नावाची एकही खोली तिथे नव्हती' हा बचाव चालला नाही.

घरून काम करणाऱ्या माणसाचं काय, हा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये ओईसीडीने नमुना कराराच्या भाष्यात त्यावर सविस्तर लिहिलं. त्याचा गाभा असा की कोणत्याही बारा महिन्यांत त्या माणसाचा कंपनीसाठीचा निम्म्याहून कमी कामाचा वेळ त्या घरात जात असेल, तर घर साधारणपणे कंपनीची जागा मानली जात नाही. निम्मा किंवा त्याहून जास्त वेळ जात असेल, तर एक प्रश्न विचारायचा: तो माणूस त्या देशात असण्यामागे कंपनीचं धंद्याचं कारण आहे का? तिथल्या ग्राहकांना भेटणं, नवीन ग्राहक मिळवणं, तिथल्या पुरवठादारांशी काम करणं ही धंद्याची कारणं झाली. माणूस चांगला आहे, तो त्याच देशात राहू इच्छितो, आणि त्याला सोडायचं नाही म्हणून परवानगी दिली, एवढंच असेल तर ते धंद्याचं कारण धरलं जात नाही. ऑफिसचं भाडं वाचवणं हेही नाही.

हे लक्षात घेतलं की तुमचं उत्तर तुमच्याच पगारपत्रकात आहे. तिकडे राहून दूरच्या तिसऱ्या देशांसाठी डिझाइन करणारा अभियंता असता, तर मी तुम्हाला जागेच्या बाबतीत बऱ्यापैकी निर्धास्त केलं असतं. पण तुमचा माणूस विक्रीचा आहे, आणि त्याचे ग्राहक त्याच देशात असतील तर धंद्याचं कारण उघड दिसतं. एवढं मात्र ध्यानात ठेवा की भाष्य हा कायदा नाही. काही देश त्यावर स्वतःचं वेगळं मत नोंदवून ठेवतात. म्हणून पन्नास टक्क्यांचा आकडा घेऊन अधिकाऱ्यापुढे जाण्याआधी त्या देशाने तो मानला आहे का ते तपासा.

सहीचा मुद्दा का पुरत नाही

आता माणसाची वाट. जागा नसली तरी, कंपनीवर अवलंबून असलेला माणूस कंपनीच्या नावाने करार करण्याचा अधिकार त्या देशात नेहमी वापरत असेल, तर कंपनीची तिथे पीई आहे असं मानायचं, हा नियम जुनाच आहे. जुन्या मजकुरात भर होता करार 'करण्यावर'. त्यामुळे बरीच वर्षं कंपन्या तुमच्यासारखीच व्यवस्था ठेवत: बोलणी तिकडे, सही इकडे. न्यायालयांनीही काही वेळा ती मान्य केली. फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१० मध्ये झिमरच्या आणि नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये डेलच्या प्रकरणात असंच म्हटलं, की समूहातली तिथली कंपनी स्वतःच्या नावाने विकत होती, तिच्या करारांनी परदेशी कंपनी कायद्याने बांधली जात नव्हती, म्हणून पीई नाही.

या निकालांनंतर देशांनी मजकूरच बदलायला घेतला. नफा कमी कराच्या देशांत हलवणं रोखण्यासाठीच्या ओईसीडीच्या बेप्स प्रकल्पाच्या सातव्या कृतीचा अहवाल २०१५ मध्ये आला आणि २०१७ च्या नमुना करारात पाचव्या कलमाचा पाचवा परिच्छेद नव्याने लिहिला गेला. आता करार 'करणं' एवढीच कसोटी उरली नाही. जो माणूस करार होण्यात नेहमी प्रमुख भूमिका बजावतो, आणि ते करार मुख्य कार्यालय मोठा बदल न करता नेहमीच मंजूर करतं, तो माणूसही पीई निर्माण करतो.

त्या वाक्यातले तीन शब्द तुमच्या प्रकरणाचा निकाल लावतील, म्हणून थोडं थांबून बघू. 'नेहमी' म्हणजे एखाददुसरा करार पुरत नाही, सवय दिसायला हवी. 'प्रमुख भूमिका' म्हणजे ग्राहकाला विकत घ्यायला तयार कोणी केलं. 'मोठा बदल न करता' म्हणजे मुख्य कार्यालयाने खरंच निर्णय घेतला, की आलेल्या कागदावर नुसता होकार दिला.

इथे एक गैरसमज मी सतत ऐकतो. 'आमच्या माणसाला किंमत बदलायचा अधिकारच नाही, दरपत्रक छापील आहे.' हा बचाव वाटतो तेवढा भक्कम नाही. ओईसीडीच्या भाष्यातच उदाहरण आहे: माणूस मोठ्या संस्थांना भेटतो, त्यांना सेवा घ्यायला राजी करतो, त्यांना किती लागेल ते ठरतं, आणि मग ग्राहक परदेशी कंपनीचा छापील करार ऑनलाइन मान्य करतो. अटी बदलण्याचा अधिकार त्या माणसाला नाही. तरीही प्रमुख भूमिका त्याचीच. उलट उदाहरणही तिथेच दिलं आहे. औषध कंपनीचा प्रतिनिधी डॉक्टरांना औषधाची माहिती देतो आणि डॉक्टर ते लिहून देतात. डॉक्टर काही कंपनीशी करार करत नाहीत. त्याच्या कामातून थेट करार जन्माला येत नाही, म्हणून तो निव्वळ प्रचार धरला जातो.

नवा मजकूर तुमच्या कराराला लागू आहे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो पहिल्याच दिवशी सोडवा. बहुपक्षीय करार, म्हणजे एमएलआय, १ जुलै २०१८ पासून अमलात आला आणि त्याच्या बाराव्या कलमाने हा बदल जुन्या करारांत घालता येतो. पण दोन्ही देशांनी ते कलम स्वीकारलं असेल तरच. बऱ्याच देशांनी ते वगळलं आहे, आणि अमेरिका एमएलआयमध्ये आलीच नाही. म्हणून एकाच कंपनीची एकसारखी व्यवस्था एका देशात पीई आणि शेजारच्या देशात नाही, असं होऊ शकतं.

मात्र जुना मजकूर असला म्हणून निवांत होऊ नका. फ्रान्सच्या त्याच न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये व्हॅल्यूक्लिकच्या प्रकरणात, फ्रान्स आणि आयर्लंड यांच्या जुन्या कराराच्या मजकुरावर, दुसऱ्या बाजूने निकाल दिला. फ्रान्समधले कर्मचारी ग्राहक निवडत, अटी ठरवत, आणि आयर्लंडमधली कंपनी जवळजवळ आपोआप मंजुरी देत होती. न्यायालयाने सही बघितली नाही, निर्णय कुठे घेतला गेला ते बघितलं.

एक प्रकरण, आकड्यांसह

तुमच्यासारखीच एक कंपनी माझ्याकडे आली होती. वेष्टन करणारी यंत्रं बनवते. आकडे मी सोपे केले आहेत, पण प्रमाण तेच ठेवलं आहे. दुसऱ्या देशात एक विक्री व्यवस्थापक, घरून काम. वर्षाची तिथली विक्री ४० लाख डॉलर, एकूण ११ ऑर्डरी. प्रत्येक करारावर मुख्य कार्यालयातल्या संचालकाची सही. कंपनीला खात्री होती की काही होणार नाही.

अधिकाऱ्याने फार हुशारीचं एकच काम केलं. त्याने करार मागितलेच नाहीत. त्याने प्रत्येक ऑर्डरमागचा ईमेलचा सिलसिला मागितला, पहिल्या भेटीपासून मंजुरीपर्यंत. ११ पैकी ९ ऑर्डरींत एकच नमुना दिसला. व्यवस्थापक ग्राहकाकडे तीन-चार वेळा जातो, यंत्राची जुळणी ठरवतो, दरपत्रकातली सूट सांगतो, ग्राहक 'ठीक आहे' म्हणतो, मसुदा मुख्य कार्यालयाकडे जातो, आणि दुसऱ्या दिवशी 'मंजूर' असा एका शब्दाचा मेल येतो. दोन ऑर्डरींत मात्र मुख्य कार्यालयाने खरंच हात घातला होता. हप्ते बदलले, बँक हमी मागितली, एका ग्राहकाची पत तपासून ऑर्डर महिनाभर अडवून धरली.

आम्ही त्या दोन ऑर्डरी पुढे केल्या. उपयोग झाला नाही, कारण कसोटी 'नेहमी काय होतं' ही आहे आणि ९ विरुद्ध २ हा हिशेब आमच्या बाजूचा नव्हता. शिवाय व्यवस्थापकाच्या भेटपत्रावर 'देशप्रमुख' असं छापलेलं होतं आणि त्याचं बक्षीस तिथल्या विक्रीच्या टक्क्यावर ठरत होतं. यातली एकही गोष्ट एकटी पीई सिद्ध करत नाही. पण ईमेलच्या शेजारी ठेवली की चित्र पूर्ण होतं. पीई आहे हे आम्ही मान्य केलं, आणि मी आजही तो निर्णय बरोबर मानतो. कारण खरी लढाई पुढच्या प्रश्नावर होती.

पीई आहे म्हणजे सगळ्या विक्रीवर कर, असं मुळीच नाही. पीई आणि तिच्या वाट्याचा नफा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि घाबरलेल्या कंपन्या ते एकत्र करून टाकतात. अधिकाऱ्याने सुरुवातीला हिशेब असा मांडला: कंपनीचा जगभरचा नफा विक्रीच्या १२ टक्के, म्हणून ४० लाखांवर ४ लाख ८० हजार डॉलर नफा, सगळाच इथला. त्या देशाचा दर २५ टक्के, म्हणजे कर १ लाख २० हजार.

यात चूक काय? यंत्राची रचना, कारखाना, सुटे भाग, हमीचा धोका, पैसे बुडण्याचा धोका, हे सगळं मुख्य कार्यालयाकडे होतं. सातव्या कलमाचं म्हणणं असं की पीई ही जणू वेगळी स्वतंत्र कंपनी आहे असं समजा, आणि तिने जे काम केलं, जो धोका उचलला, जी मालमत्ता वापरली, त्याचा मोबदला बाजारात तिला किती मिळाला असता ते बघा. इथे पीईचं काम एकच: ग्राहक मिळवणं आणि सौदा जमवणं. म्हणजे तुलना विक्री करून देणाऱ्या स्वतंत्र दलालाशी करायची.

आम्ही तशा यंत्रांच्या स्वतंत्र विक्री प्रतिनिधींचे करार शोधले आणि ५ टक्के दलाली सुचवली. अधिकारी ८ वर अडला. शेवटी साडेसहावर जमलं. साडेसहा टक्के म्हणजे २ लाख ६० हजार डॉलर, हे पीईचं उत्पन्न. त्यातून व्यवस्थापकाचा पगार, प्रवास, फोन, प्रदर्शनांचा खर्च मिळून १ लाख ४० हजार वजा. उरले १ लाख २० हजार, आणि त्यावर २५ टक्क्यांनी कर ३० हजार. पहिल्या मागणीचा चौथा हिस्सा.

त्या दोन ऑर्डरी, ज्या पीई नाकारायला कामी आल्या नाहीत, त्या इथे कामी आल्या. पत आणि हप्त्यांचे निर्णय मुख्य कार्यालय घेतं हे त्यांतून दिसत होतं, म्हणून पैसे बुडण्याच्या धोक्याचा मोबदला पीईच्या वाट्याला टाकता आला नाही. एकच पुरावा एका प्रश्नात निरुपयोगी आणि दुसऱ्यात मोलाचा असतो. म्हणून कुठलाही कागद 'आपल्या विरुद्ध आहे' म्हणून बाजूला ठेवण्याआधी तो दोन्ही प्रश्नांपुढे धरून बघा.

मला खटकलेली गोष्ट वेगळीच होती. कंपनीने तीन वर्षं तिथे विवरणपत्रच भरलं नव्हतं. कर छोटा, पण व्याज आणि न भरल्याचा दंड मिळून ओझं बरंच वाढलं. काही देशांत तर वेळेत विवरणपत्र नसेल तर खर्चाची वजावटच धोक्यात येते, म्हणजे वरच्या हिशेबातले १ लाख ४० हजार वजा करायला मिळणार नाहीत. अमेरिकेत याच कारणासाठी पीई नाही असं मानणाऱ्या परदेशी कंपन्याही अनेकदा संरक्षण म्हणून Form 1120-F हे विवरणपत्र भरून ठेवतात. पत्र आलेल्या देशात अशी सोय आहे का ते तिथल्या सल्लागाराला पहिल्या भेटीत विचारा.

पीईबरोबर आणखी काय येतं

आयकर हा एक भाग झाला. दुसरा भाग अनेकांच्या नजरेतून सुटतो: यंत्र बसवायला जाणारे तुमचे तंत्रज्ञ. पाहुण्या कर्मचाऱ्याला १८३ दिवसांपर्यंत यजमान देशात पगारावर कर नाही, अशी सूट नमुना कराराच्या पंधराव्या कलमात आहे. पण तिची एक अट अशी आहे की पगाराचा भार त्या देशातल्या पीईवर पडलेला नसावा. पीई मान्य झाली आणि तंत्रज्ञांचा खर्च तिच्या खात्यात टाकला, तर सूट गेली आणि दहा दिवसांसाठी गेलेल्या माणसाच्या पगारावरही कर कापण्याची जबाबदारी आली. म्हणून पीईच्या हिशेबात काय टाकायचं हे फक्त कंपनीचा कर कमी करण्याच्या नजरेने ठरवू नका.

यंत्र बसवण्याच्या कामाचा स्वतःचा वेगळा नियमही आहे. ओईसीडीच्या नमुन्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त चाललेलं बांधकाम किंवा उभारणीचं काम पीई होतं, संयुक्त राष्ट्रांच्या नमुन्यात सहा महिन्यांपेक्षा जास्त. त्याच नमुन्यात सेवा देणाऱ्या माणसांचे दिवस मोजून, बारा महिन्यांत १८३ पेक्षा जास्त झाले तर पीई, असाही नियम आहे. तुमच्या यंत्रांची उभारणी काही आठवड्यांत होत असेल तर हा मुद्दा बहुधा सोडून देता येईल.

अप्रत्यक्ष कराची नोंदणी हा पूर्णपणे वेगळा कायदा आहे. आयकरात पीई नाही म्हणून तिथेही नोंदणी लागत नाही, हा निष्कर्ष काढू नका आणि उलटाही काढू नका.

पत्राला उत्तर कसं द्यायचं

मुदत वाढवून मागा, ती बहुधा मिळते. त्या वेळात गेल्या दोन वर्षांतल्या सगळ्या ऑर्डरी घ्या आणि अधिकारी मागेल तेच स्वतः आधी बघा: प्रत्येक ऑर्डरीत पहिला संपर्क कोणी केला, किंमत कोणी सांगितली, सूट कोणी दिली, ग्राहकाने होकार कोणाला दिला, मुख्य कार्यालयाला कागद मिळाल्यावर मंजुरीला किती वेळ लागला आणि काय बदललं. एका तक्त्यात मांडा. हा तक्ता भरताना सहसा दुपारपर्यंतच उत्तर कळून चुकतं. तुमचं उत्तर ११ पैकी ९ च्या आसपास आलं, तर पीई आहे का यावर पैसे घालवू नका, नफ्याच्या वाट्यावर घालवा. ११ पैकी ९ वेळा मुख्य कार्यालयाने खरी वाटाघाट केली असेल आणि व्यवस्थापक फक्त ओळख करून देत असेल, तर पीई नाकारण्याचा तुमचा मुद्दा भक्कम आहे आणि तो तक्ताच तुमचा पुरावा.

व्यवस्थापकाचं कॅलेंडरही काढा. किती दिवस घरी, किती ग्राहकांकडे, किती मुख्य कार्यालयात. जागेच्या प्रश्नाला त्याशिवाय उत्तर देता येत नाही.

एक गोष्ट कृपया करू नका. पत्र आल्यानंतर नोकरीचा करार मागच्या तारखेने बदलणं, किंवा व्यवस्थापकाच्या ऑनलाइन ओळखीतून 'देशप्रमुख' घाईघाईने काढून टाकणं. अधिकाऱ्याकडे जुनं पान बहुधा आधीच छापून ठेवलेलं असतं. मागचं बदलता येत नाही, ते जसं आहे तसं सांगा.

पुढचं मात्र बदलता येतं, आणि इथे दोन प्रामाणिक मार्ग आहेत. पहिला, व्यवस्थापकाचं काम खरोखर बदलायचं. तो माहिती देईल, प्रदर्शनात उभा राहील, ग्राहक आणेल, पण किंमत, जुळणी आणि अटींची बोलणी मुख्य कार्यालयातला दुसरा माणूस करेल आणि ग्राहकाला ते माहीत असेल. यासाठी मुख्य कार्यालयात तेवढा वेळ असलेला माणूस हवा. तो नसेल तर सहा महिन्यांत सगळं जुन्या वळणावर येतं आणि कागद एक सांगतो, ईमेल दुसरं. मध्यम आकाराच्या कंपन्यांत हे टिकलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

दुसरा मार्ग म्हणजे तिथे अस्तित्व आहे हे मान्य करून नोंदणी करणं, शाखा म्हणून किंवा उपकंपनी काढून. उपकंपनी काढली तर तिला विक्रीच्या कामाचा बाजारभावाने मोबदला द्यायचा आणि तिने त्यावर कर भरायचा. नुसती उपकंपनी आहे म्हणून मूळ कंपनीची पीई होत नाही, हे पाचव्या कलमातच लिहिलं आहे. पण तोच व्यवस्थापक उपकंपनीच्या पगारावर जाऊन मूळ कंपनीच्या नावाने तेच सौदे जमवत राहिला, तर प्रश्न परत उभा राहतो. स्वतंत्र दलालाला सूट असते हे खरं, पण केवळ किंवा जवळजवळ केवळ आपल्याच समूहासाठी काम करणारा दलाल नव्या मजकुरात स्वतंत्र धरला जात नाही. म्हणून उपकंपनीने यंत्रं स्वतः विकत घेऊन स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या हिशेबावर पुढे विकावीत, ही रचना मला जास्त स्वच्छ वाटते. वर्षाला ४० लाखांची विक्री असेल तर तिचा खर्च परवडतो. दोन-तीन ऑर्डरी असतील तर शाखेची नोंदणी पुरे.

शेवटी तुमच्या स्वतःच्या देशाची बाजू. तिकडे भरलेल्या कराची वजावट किंवा त्या नफ्याला सूट इकडे मिळते, पण तिला मुदत असते आणि जुन्या वर्षांची विवरणपत्रं दुरुस्त करण्याची मुदत अनेकदा आधी संपते. तिकडच्या खात्याशी तडजोड करण्यापूर्वी इकडे ती वर्षं अजून उघडी आहेत का ते बघा. तुमच्या देशाने 'तिथे पीई नव्हतीच, तुम्ही उगाच भरलात' अशी भूमिका घेतली, तर दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी बसून ठरवण्याची परस्पर सहमतीची प्रक्रिया आहे. नमुना कराराच्या पंचविसाव्या कलमात तिला तीन वर्षांची मुदत आहे, आणि ती कराराविरुद्ध कर लावणाऱ्या कारवाईची पहिली सूचना मिळाल्यापासून मोजतात. नुसत्या चौकशीच्या पत्राने ती सुरू होत नाही, कर आकारणीच्या नोटिशीने होते. काही करारांत मुदत दोनच वर्षांची आहे. तुमच्या करारातला आकडा आजच बघून ठेवा आणि ती नोटीस हातात पडेल त्या दिवशी तारीख लिहून घ्या.